आईच्या ऑपरेशनसाठी कंपनीकडे अ‍ॅडव्हान्स मागायचाय, अर्ज कसा लिहू? (मसुदा तपासून द्या, घाई आहे)

शिरोलीकर · शनिवार, सकाळी ७:४०

मंडळी, गुरुवारी रात्री आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलंय. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर म्हणतात सोमवारी ऑपरेशन करूया, जास्त दिवस झोपवून ठेवलं तर छातीत कफ आणि अंगाला जखमा व्हायची भीती. एस्टिमेट १,६५,००० चं दिलंय. माझे ४५,००० आणि बहिणीचे ३०,००० असे ७५ जमलेत. ९०,००० कमी पडतात.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे, आठ वर्षं झाली. ग्रॉस २८,५००. ईएसआय नाही, कारण पगार २१,००० च्या वर. कंपनीचा मेडिक्लेम आहे पण त्यात आईवडील नाहीत. मालक आज दुपारी येणार आहेत, तोवर अर्ज तयार पाहिजे. रात्री लिहिलेला मसुदा देतो:

"आदरणीय साहेब, आपण आमचे मायबाप आहात. माझी आई अत्यंत गंभीर असून माझ्यावर आभाळ कोसळले आहे. लहानपणी वडील गेल्यावर आईनेच लोकांची धुणीभांडी करून आम्हाला वाढवले. तरी आपण मोठ्या मनाने मला जास्तीत जास्त मदत करावी ही विनंती. मी आपले उपकार कधीही विसरणार नाही. पैसे लवकरात लवकर दरमहा १५,००० प्रमाणे फेडीन."

कसा वाटतो?

बिनधास्त_बोल · ८:०५

विनंती कशाला करतोस? वैद्यकीय कारणासाठी अ‍ॅडव्हान्स देणं कंपनीला बंधनकारक आहे, नव्या लेबर कोडमध्ये आलंय. सरळ हक्काने माग. आणि कापताना बेसिकच्या निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही हेही ऐकव त्यांना.

लेथवाला · ८:२०

नाशिकला अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, बारा माणसं. मालकाच्या खुर्चीतून सांगतो. बिनधास्तभाऊंच्या भाषेत अर्ज आला तर मी चहा पाजून परत पाठवीन. मायबाप वाला आला तर वाईट वाटेल, पण काय करायचं ते त्यातून कळणार नाही. 'जास्तीत जास्त मदत' म्हणजे किती? माझ्या डोक्यात तीनच प्रश्न असतात. नक्की किती, कधी लागणार, आणि परत कसे येणार. हे तिन्ही पहिल्या चार ओळींत मिळाले तर मी तिथेच अकाउंटवाल्याला फोन लावतो.

अजून एक. ७ तारखेला पगार करायचे असतात, तेव्हा २५ तारखेला खात्यातून ९० हजार काढणं छोट्या मालकाला जड जातं. पूर्ण रक्कम आजच हवी की दोन टप्प्यांत चालेल, ते लिही.

टाइमऑफिसवाले · ८:४५

शिरोलीकर, आधी आईंची प्रकृती सांभाळा. मी एका मोठ्या कारखान्यात टाइम ऑफिस आणि पगारपत्रक बघितलं, आता निवृत्त आहे. असे अर्ज ढिगाने पाहिलेत.

बिनधास्त, अ‍ॅडव्हान्स द्यायची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. दिला तर पगारातून वसूल करता येतो आणि कपातीला मर्यादा आहे, कायदा एवढंच म्हणतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्या कलम १८ प्रमाणे एका पगारातल्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. 'सगळ्या मिळून' हे लोक विसरतात. अ‍ॅडव्हान्सचा हप्ता एकटा निम्म्याच्या आत असून भागत नाही, पीएफ, व्यवसाय कर, पतसंस्था सगळं त्याच निम्म्यात बसवायचं. जुन्या कायद्याची पगारमर्यादा २४,००० होती, म्हणजे शिरोलीकर तेव्हा त्यातून बाहेरच होते. आता सगळे कर्मचारी आत आलेत.

आणि बेसिकचं म्हणाल तर, संहितेच्या व्याख्येत घरभाडं आणि वाहन भत्ता एरवी वगळलाय, पण पगार देण्याच्या प्रकरणासाठी तो धरायचा असं तिथेच लिहिलंय.

आता शिरोलीकर, सध्याच्या कपाती किती ते लिहा. १५,००० चा हप्ता मला काही पचत नाहीये.

शिरोलीकर · ८:५८

पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, पतसंस्थेचा हप्ता ३,५००. हातात २३,००० येतात. खोलीभाडं ६,५००.

टाइमऑफिसवाले · ९:१०

मग बघा. आत्ताच ५,५०० जातात. त्यात १५,००० घातले की २०,५००, आणि तुमचं निम्मं आहे १४,२५०. चांगला अकाउंटंट असेल तर हा अर्ज परत पाठवेल. नसेल तर मंजूर होईल आणि सप्टेंबरात तुमच्या हातात ८,००० पडतील, त्यातून भाडं दिल्यावर दीड हजार. मग महिन्याभरात पुन्हा अ‍ॅडव्हान्स मागायला उभे राहाल, आणि दुसऱ्या वेळी कोणी देत नाही.

मर्यादेत जागा उरते ८,७५० ची. ९०,००० ला ७,५०० धरले तर बरोबर बारा महिने. कपात एकूण १३,०००, हातात १५,५००. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर खर्च थांबत नाही. फिजिओथेरपी, वॉकर, कमोडची खुर्ची, कदाचित दिवसा बाई ठेवावी लागेल. पहिले तीन महिने ५,००० घ्या, पुढचे दहा महिने ७,५००. पंधरा आणि पंचाहत्तर, झाले नव्वद. एकच महिना वाढतो. सुरुवातीला हप्ता कमी का हे अर्जात एका वाक्यात सांगा.

सुनंदा_वि · ९:२५

मी जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे. माझ्या मिस्टरांच्या बायपासच्या वेळी मी सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि अत्यावश्यकता प्रमाणपत्र जोडून वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव दिला होता. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीला फार वेळ लागला, पण पैसे आले. शिरोलीकर, मूळ बिलं जपून ठेव, झेरॉक्स चालत नाही. आणि हे पैसे परत करावे लागत नाहीत, मग हप्त्याचं एवढं काय चाललंय?

मी_मीनल · ९:३०

सुनंदाताई, तुमची गोष्ट सरकारी प्रतिपूर्तीची. त्याची कंपनी खाजगी आहे, तो उसने मागतोय :)

सुनंदा_वि · ९:३४

अगंबाई. बरं, मूळ बिलं तरी जप.

रानवारा · ९:४०

महात्मा फुले योजनेचं विचारलंस का? पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं आता, ५ लाखांपर्यंत. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं.

शिरोलीकर · ९:४६

विचारलं. हा दवाखाना योजनेत नाही. दुसरीकडे हलवायचं तर जागा कधी मिळेल ते कोणी सांगेना, आणि आईला हलवताना तिचे हाल बघवत नाहीत. भावजी तरी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन बघून येतो म्हणालेत.

टाइमऑफिसवाले · ९:५५

भावजींना जाऊ दे, चांगलंच आहे. तोवर अर्ज थांबवू नका. आणि पीएफचा फॉर्म ३१ ऑनलाइन भरून टाका. आजारपणासाठी आई अवलंबून असेल तर तिच्या मोठ्या ऑपरेशनलाही काढता येतो, आणि तो परत भरायचा नसतो.

शिरोलीकर · १०:०२

काका, तिथं घोळ आहे. आधारवर आडनाव एक आणि यूएएनला स्पेलिंग दुसरं. दुरुस्तीची विनंती टाकलीय, कंपनीकडून मान्यता बाकी.

टाइमऑफिसवाले · १०:१५

मग पीएफ सोमवारच्या आत येत नाही हे धरून चला, पण सोडू नका. अर्जात एक ओळ घाला: पीएफची रक्कम मिळाली तर त्यातून उरलेला अ‍ॅडव्हान्स एकरकमी भरीन. त्याने दोन कामं होतात. मालकाला पैसे तेरा महिन्यांआधी यायची शक्यता दिसते, आणि ती नावदुरुस्ती मंजूर करण्यात त्यांचाही फायदा होतो. एरवी अशी विनंती एचआरच्या संगणकात पडून राहते.

रक्कम दवाखान्याच्या खात्यात थेट पाठवा असंही लिहा. देणाऱ्याला खात्री पटते आणि तुमची बँकेतली धावपळ वाचते.

लेथवाला · १०:२२

हे शंभर टक्के. मागे एकाने मुलाच्या आजारपणाचं सांगून पैसे नेले आणि पुढच्या आठवड्यात नव्या मोटरसायकलवर आला. तेव्हापासून मी दवाखान्याच्या नावाचाच चेक देतो. एस्टिमेट मात्र लेटरहेडवर, सहीशिक्क्याचं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको.

आणि एक विचारतो, राग मानू नको. मधेच नोकरी सोडलीस तर? ही शंका प्रत्येक मालकाला येते, तोंडावर विचारत नाही एवढंच. आधीच उत्तर दिलेलं बरं. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी यातून वळते करून घ्या असं लिहून दे.

टाइमऑफिसवाले · १०:३५

शेवटचा पगार आणि रजेचे पैसे लिहा. ग्रॅच्युइटी लिहू नका. कोर्टाच्या जप्तीपासूनसुद्धा तिला संरक्षण आहे, आणि मालकाला ती अडवायची मुभा ठराविक कारणांसाठीच आहे, त्यात उसने पैसे येत नाहीत.

लेथवाला · १०:४०

माणसाने स्वतः सही करून दिलं तरी?

टाइमऑफिसवाले · १०:४४

तरी. आमच्याकडे अशा सह्या घेतलेल्या होत्या, आणि कामगार अधिकाऱ्यापुढे वाद गेला तेव्हा ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागली. पैसे वेगळे वसूल करा म्हणाले.

लेथवाला · १०:४७

आमचा सल्लागार याच्या उलट सांगतो. असो, त्याचा धागा नाही हा.

मी_मीनल · १०:५५

मी अकाउंट्समध्ये आहे, टेबलाच्या या बाजूने सांगते. आमच्याकडे पगाराची हजेरी २५ तारखेला बंद होते. आज २५ आहे. म्हणजे जुलैचा पगार बहुतेक ठिकाणी तयार होत आलाय. 'पुढील महिन्यापासून कपात करावी' असं मोघम लिहिलं की एकजण जुलैच्या पगारातून कापतो, दुसरा ऑगस्टच्या. तू नेमकं लिही: ऑगस्टच्या पगारापासून, म्हणजे जो सप्टेंबरात हातात येतो.

आणि पगाराच्या स्लिपवर अ‍ॅडव्हान्सचा वेगळा रकाना, त्याशेजारी शिल्लक, हे मागून घे. माझ्या आधीच्या नोकरीत माझा २०,००० चा अ‍ॅडव्हान्स 'इतर कपात' मध्ये टाकला होता. फिटल्यानंतरही कापत राहिले, कारण सिस्टीममध्ये हप्त्यांची संख्या भरलीच नव्हती, नुसती रक्कम भरली होती. माझ्या वहीत नोंद होती म्हणून परत मिळाले. त्यासाठी किती जिने चढले ते नको विचारूस.

काका, अर्ध्या मर्यादेचं आमचं सॉफ्टवेअर मात्र अजून बेसिक आणि डीएवरच काढतं हं. बिनधास्त म्हणतोय तसं.

टाइमऑफिसवाले · ११:०५

बऱ्याच ठिकाणी तसं चालतं. कामगाराच्या बाजूने जास्त काटेकोर आहे, चुकीचं म्हणून कोणी तक्रार करणार नाही. पण शिरोलीकरांच्या कंपनीने तसं काढलं तर, बेसिक डीए समजा १६,०००, त्याचं निम्मं ८,०००, त्यातून सध्याच्या कपाती गेल्या की हप्त्याला फक्त २,५०० उरतात. मग ९०,००० फेडायला तीन वर्षं. म्हणून अकाउंटवाल्याला आधी विचारा, तो निम्मं कशावर काढतो.

बिनधास्त_बोल · ११:०८

म्हणजे मी पूर्ण चुकीचा नव्हतो.

शिरोलीकर · ११:१०

अकाउंटवाल्या साहेबांशी बोललो, आमच्याकडे ग्रॉसवर धरतात. सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिलाय:

---

दि. २५ जुलै

प्रति,
मा. संचालक साहेब
(कंपनीचे नाव व पत्ता)
मार्फत: विभागप्रमुख, गुणवत्ता विभाग

विषय: आईच्या शस्त्रक्रियेसाठी पगारातून परतफेडीच्या अटीवर रु. ९०,००० बिनव्याजी अ‍ॅडव्हान्स मिळणेबाबत.

महोदय,

मी गुणवत्ता विभागात आठ वर्षांपासून काम करत आहे (टोकन क्र. ...). माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले असून सोमवार, दि. २७ जुलै रोजी शस्त्रक्रिया ठरली आहे. दवाखान्याने रु. १,६५,००० खर्चाचा अंदाज दिला असून त्यापैकी रु. ७५,००० ची सोय मी केली आहे. उरलेले रु. ९०,००० कंपनीकडून अ‍ॅडव्हान्स म्हणून मिळावेत, ही विनंती.

यापैकी रु. ६०,००० सोमवारी सकाळी १० पूर्वी आणि रु. ३०,००० डिस्चार्जच्या वेळी लागतील. दोन्ही रकमा थेट दवाखान्याच्या खात्यात भरल्यास चालेल. खात्याचा तपशील सोबत जोडला आहे.

परतफेड ऑगस्टच्या पगारापासून करावी. पहिले तीन महिने फिजिओथेरपीचा खर्च असल्याने दरमहा रु. ५,००० आणि त्यानंतर दहा महिने दरमहा रु. ७,५०० कापावेत. सध्याच्या कपाती धरून एकूण कपात जास्तीत जास्त रु. १३,००० होते, ती माझ्या पगाराच्या निम्म्याच्या आत आहे. पीएफची रक्कम मंजूर झाल्यास शिल्लक अ‍ॅडव्हान्स एकरकमी भरीन. त्यासाठीची माझी नावदुरुस्ती कंपनीच्या मान्यतेसाठी प्रलंबित आहे. काही कारणाने नोकरी सोडावी लागल्यास शिल्लक रक्कम माझ्या शेवटच्या पगारातून व रजेच्या पैशातून वळती करावी आणि उरलेली मी भरून देईन.

अ‍ॅडव्हान्सची रक्कम, हप्ते आणि पहिल्या कपातीचा महिना मंजुरीपत्रात नमूद करावा व पगाराच्या स्लिपवर दरमहा शिल्लक दाखवावी.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल)

सोबत: दवाखान्याचे सहीशिक्क्याचे एस्टिमेट, अ‍ॅडमिट केल्याचा कागद, दवाखान्याच्या खात्याचा तपशील.

---

लेथवाला · ११:२०

हा अर्ज माझ्याकडे आला असता तर सही केली असती. फक्त 'स्लिपवर शिल्लक दाखवावी' हे वाक्य मालकाला थोडं टोचेल. पैसे देण्याआधीच हिशेब मागतोय असं वाटतं.

मी_मीनल · ११:२४

टोचू दे. नाहीतर अर्जातून काढ आणि मंजुरीपत्र घेताना तोंडी माग. पण माग.

टाइमऑफिसवाले · ११:३०

मी ठेवलं असतं. शिरोलीकर, दोन प्रती काढा, एकीवर 'मिळाले', तारीख आणि सही घेऊन ठेवा. एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट जोडू नका, त्यांना त्याचं काम नाही, आणि ते कागद चार टेबलांवर फिरतात.

शिरोलीकर · रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, आधी बातमी सांगतो. साहेबांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, एस्टिमेट बघितलं आणि ७५,००० मंजूर केले. ९० ला नाही म्हणाले, या महिन्यात मोठं पेमेंट अडकलंय म्हणून. ६०,००० उद्या सकाळी दवाखान्याला एनईएफटी, १५,००० डिस्चार्जला. पीएफचं त्यांनी स्वतःहून विचारलं आणि नावदुरुस्ती तिथेच मान्य करायला लावली! सीपीआरला जागा होती, पण ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली सांगत होते, म्हणून इथेच करतोय.

कमी पडलेल्या १५,००० साठी पतसंस्थेच्या सेक्रेटरींना भेटलो. आकस्मिक कर्ज देतायत, १,५०० चा हप्ता. कंपनीच्या मंजुरीपत्रात पहिले तीन महिने ५,००० आणि मग आठ महिने ७,५०० असं लिहिलंय. उद्या सही करायचीय. आणि साहेबांनी एक कोरा चेक मागितलाय, तारीख आणि रक्कम न घालता.

टाइमऑफिसवाले · रात्री १०:१०

थांबा, सही करायच्या आधी बेरीज करा. पीएफ १,८००, कर २००, पतसंस्था ३,५००, नवीन आकस्मिक १,५००. झाले ७,०००. त्यात ७,५०० गेले की १४,५००, तुमची मर्यादा १४,२५०. अडीचशेने बाहेर जाता. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० असतो, तेव्हा साडेतीनशेने.

अडीचशे रुपयांसाठी कोण बघतंय असं वाटेल. पण असं झालं की अकाउंटवाला एखादी कपात अर्धवट सोडतो, आणि ती बहुतेक वेळा पतसंस्थेची असते. मग तिकडे तुम्ही थकबाकीदार दिसता, दंडव्याज लागतं, आणि तुम्हाला कळतं वर्षअखेरीच्या उताऱ्यावर.

पहिले तीन महिने ५,००० आहेत तसेच ठेवा. राहिलेले ६०,००० आठऐवजी दहा महिन्यांत, ६,००० ने. कपात १३,००० वर राहते. अकाउंटवाल्याला हेच गणित कागदावर दाखवा, तो बदलून देईल, कारण चूक त्याच्याही अंगाशी येते.

मी_मीनल · १०:१६

कोरा चेक देऊ नकोस. पगार त्यांच्याच हातात आहे, अजून कसलं तारण?

लेथवाला · १०:२०

मीनलताई, पगार हातात आहे तोवर ठीक. माणूस उद्यापासून आलाच नाही तर? माझे ३०,००० असेच गेलेत. चेक मी वापरत नाही, ड्रॉवरमध्ये असतो.

मी_मीनल · १०:२३

ड्रॉवर तुमचा, सही त्याची. रक्कम काय भरली जाईल ते त्याला कसं कळणार?

टाइमऑफिसवाले · १०:३०

द्यायचाच झाला तर रकमेच्या जागी ७५,००० लिहून, कंपनीच्या नावाने, आणि मंजुरीपत्रात चेकचा नंबर व 'अ‍ॅडव्हान्स फिटल्यावर परत' असं लिहून घेऊन. माझं मत विचाराल तर नाही म्हणून बघा आधी. त्याऐवजी एखाद्या जुन्या सहकाऱ्याची जामीन म्हणून सही चालते का विचारा.

लेथवाला · १०:३३

जामीन म्हणजे दोन कामगारांचं भांडण विकत घेणं. मी चेकच घेईन.

बिनधास्त_बोल · १०:४०

ऑपरेशन उद्या आहे, आज रात्री चेकवरून वाद घालू नका रे. दे आणि नंतर परत माग.

शिरोलीकर · सोमवार, दुपारी ३:१५

ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आहे. साडेनऊलाच दवाखान्याच्या खात्यात ६०,००० जमा झाले. हप्त्याचं अकाउंटवाल्यांनी ऐकलं, ६,००० चे दहा करून नवीन पत्र टाइप केलं. चेकला साहेब अडून बसले, शेवटी ७५,००० लिहून दिला, नंबर पत्रात घालून घेतला. मीनलताई रागावतील.

मी_मीनल · ३:२०

नाही रे, नंबर घालून घेतलास हे बरं केलंस. आईंना जप. आणि स्लिप आली की पहिल्या दिवशी बघ.

घाटावरचा · ४:०५

छान धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी कंत्राटी आहे, काम मोठ्या कंपनीत पण पगार ठेकेदार देतो. बायकोचं सिझेरियन होणार आहे, तेव्हा अ‍ॅडव्हान्स लागेल. अर्ज कंपनीला लिहू की ठेकेदाराला?

टाइमऑफिसवाले · ४:२०

ठेकेदाराला. जो पगार देतो तोच कापू शकतो. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, पण ती पगाराची, अ‍ॅडव्हान्सची नाही. अर्जात एक गोष्ट जास्त लिहा: ठेका कधी संपतो. ठेका मार्चमध्ये संपत असेल आणि तुम्ही वर्षभराचे हप्ते मागितले तर तो देणारच नाही. हप्ते ठेक्याच्या मुदतीत बसवून मागा. आणि तुमचा पगार किती? २१,००० च्या आत असेल तर ईएसआय कापला जातो का ते स्लिपवर बघा. कापला जात असेल तर बाळंतपण तिथेच होईल, अ‍ॅडव्हान्सची गरज पडणार नाही.

घाटावरचा · ४:३१

१७,८००. ईएसआय कापतात, पण कार्ड कधी दिलंच नाही.

टाइमऑफिसवाले · ४:३८

मग आधी ठेकेदाराकडून विमा क्रमांक घ्या, आजच. स्लिपवर असेल तर तोच घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, सोबत आधार, लग्नाचा दाखला आणि पत्नीचा फोटो न्या, तिचं नाव कुटुंबात चढलंय का ते तपासा. अर्जाचं नंतर बघू.